लहान कारखान्याच्या मालकाने कामगारांसाठी नववर्षाचा संदेश कसा लिहावा

वीस-बावीस माणसांच्या कारखान्यात मालकाचा नववर्षाचा संदेश ऐकणारा प्रत्येक जण मालकाला रोज पाहत असतो. शेड्यूल कधी घटले, ओव्हरटाइम कधी बंद झाला, कोणत्या महिन्याचा पगार उशिरा झाला आणि कोणता ग्राहक चिडून गेटपर्यंत आला होता, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांचे शुभेच्छापत्र असते तसे सर्वसाधारण शब्दांचे पत्र येथे चालत नाही. ऐकणारा मनातल्या मनात प्रत्येक वाक्य आपल्या अनुभवाशी ताडून पाहतो, आणि त्याला प्रामुख्याने तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: पुढच्या वर्षी काम आहे का, पगार वेळेवर होईल का, आणि मी केलेले काम मालकाच्या लक्षात आहे का. या तीन प्रश्नांना खरी आणि नेमकी उत्तरे देणारा संदेश कसा तयार करावा, याची कृती या लेखात क्रमाने मांडली आहे.

उदाहरणासाठी भोसरी औद्योगिक वसाहतीतील एक काल्पनिक कारखाना घेऊ. तेथे वाहन उद्योगाच्या पुरवठादारांसाठी कास्टिंगचे मशीनिंग जॉबवर्कने केले जाते. एकूण बावीस माणसे आहेत: चौदा सेटर व ऑपरेटर, तीन हेल्पर, दोन तपासनीस, एक सुपरवायझर, एक हिशेबनीस आणि एक टेम्पोचालक. त्यांपैकी बहुतेक जण मराठवाड्यातून आलेले असून सहा जण बिहार आणि उत्तर प्रदेशातील आहेत. काम तीन पाळ्यांत चालते. सरलेल्या वर्षात एप्रिल ते जून या काळात मुख्य ग्राहकाने शेड्यूल कमी केले, ओव्हरटाइम थांबला आणि जूनचा पगार ७ जुलैऐवजी १९ जुलैला झाला. सप्टेंबरपासून नवा ग्राहक मिळाला आणि कामाची गाडी रुळावर आली. असे चढउताराचे वर्ष मुद्दाम निवडले आहे, कारण सगळे सुरळीत असताना संदेश लिहिणे फारसे अवघड नसते.

दिवस आणि वेळ आधी ठरवा

आपल्याकडे वर्षाची सुरुवात एकाच दिवशी होत नाही. दिवाळीचा पाडवा व्यापाऱ्याच्या वहीचा असतो, गुढीपाडवा घराचा असतो आणि १ एप्रिल हिशेबनीसाचा असतो. तरीही कारखान्यातील कामगारांसाठी १ जानेवारीला एक व्यावहारिक अर्थ आहे, आणि तो रजेच्या हिशेबाचा आहे. कारखान्यातील भरपगारी वार्षिक रजा कॅलेंडर वर्षाप्रमाणे मोजली जाते. ठरलेले किमान दिवस भरलेल्या प्रौढ कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या प्रमाणात रजा मिळते. म्हणजे ३१ डिसेंबरला प्रत्येकाचे रजेचे खाते एका टप्प्यावर येऊन थांबते आणि दुसऱ्या दिवसापासून नवे पान सुरू होते. संदेशासोबत प्रत्येकाच्या हाती त्याच्या शिल्लक रजेची चिठ्ठी देता आली, तर शुभेच्छांबरोबर कामाची एक गोष्टही त्याला मिळते. म्हणून या लेखापुरता मी १ जानेवारीच धरतो.

आता २०२६ चे कॅलेंडर पाहू. १ जानेवारीला गुरुवार येतो, आणि भोसरी परिसरातील बहुसंख्य कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते. याचा अर्थ संदेश बुधवारी, ३१ डिसेंबरलाच द्यावा लागेल. तो गुरुवारी सकाळी केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तर त्या दिवशी येणाऱ्या शेकडो शुभेच्छांच्या चित्रांत तो हरवून जाईल. बुधवारी दुपारी तीन वाजता पहिली पाळी सुटते आणि दुसरी सुरू होते, तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसे एकत्र भेटतात. तिसरी पाळी रात्री अकराला येते, म्हणून तिच्यासाठी मालकाने रात्री पुन्हा यायला हवे. रात्रपाळीला संदेश सुपरवायझरकडून वाचून दाखवणे सोयीचे असले, तरी मी त्याच्या विरुद्ध आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री घरापासून दूर, मशीनपाशी उभे राहणाऱ्या माणसांना मालकाने स्वतः भेटावे, ही या सगळ्या खटाटोपातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

लिहिण्याआधी वह्या उघडा

संदेश लिहायला बसण्यापूर्वी, साधारण १५ डिसेंबरच्या सुमारास, चार गोष्टी टेबलावर काढाव्यात: हजेरीपट, पगारपत्रक, डिस्पॅचची नोंदवही आणि रिजेक्शनच्या नोंदी. आठवणीवर विसंबून लिहिले की शेवटच्या दोन महिन्यांत जे घडले तेवढेच कागदावर उतरते, आणि जो माणूस समोर अधिक वावरतो त्याचेच नाव पुढे येते. रात्रपाळीचा ऑपरेटर, टेम्पोचालक आणि हेल्पर यांची नावे वगळली जाण्याचे खरे कारण बहुधा हेच असते.

पगारपत्रकातून प्रत्येक महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, याची यादी करावी. मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावा लागतो. ग्राहकाने आपले बिल उशिरा चुकते केले, हे त्या विलंबाचे कारण असू शकते, परंतु कामगाराच्या दृष्टीने ते समर्थन ठरत नाही. लघुउद्योगाचे देणे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन ग्राहकावर आहे आणि ते अनेकदा पाळले जात नाही, हे खरेच आहे. मात्र ती लढाई मालकाने ग्राहकाशी लढायची आहे. आपल्या उदाहरणात जूनचा पगार बारा दिवस उशिरा झाला. ही तारीख संदेशात यायलाच हवी, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणीही ती विसरलेले नाही.

रिजेक्शनच्या नोंदींतून एखाद-दुसरा आकडा घ्यावा. उदाहरणातील कारखान्यात जानेवारीत शंभर नगांमागे चार नग बाद होत होते आणि नोव्हेंबरमध्ये ते प्रमाण दोनवर आले. हा आकडा कामगारांना कळतो, कारण बाद झालेले नग ठेवण्याची लाल पेटी त्यांच्या डोळ्यांसमोर असते. उलाढाल, नफा, टक्केवारीतील वाढ असे आकडे मात्र जपून वापरावेत. उलाढाल वाढल्याचे अभिमानाने सांगितले, की ऐकणारा लगेच आपल्या पगाराशी तिची तुलना करतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. उलाढाल सांगायची असेल, तर त्याच वाक्याच्या पुढे ती कशावर खर्च झाली हेही सांगण्याची तयारी हवी.

शेवटी सुपरवायझर आणि तपासनीस यांच्याशी पंधरा-वीस मिनिटे बसून एकच प्रश्न विचारावा: या वर्षात कोणामुळे मोठे नुकसान टळले? उत्तरे नेमकी येतात. आपल्या उदाहरणात ऑगस्टमध्ये रात्रपाळीच्या एका ऑपरेटरला हाउसिंगच्या बोअरचे माप हळूहळू सरकत असल्याचे जाणवले, त्याने मशीन थांबवून तपासनिसाला बोलावले, आणि इन्सर्ट झिजल्याचे लक्षात आले. तो थांबला नसता, तर सकाळपर्यंतचा सगळा माल बाद झाला असता. अशा दोन-तीन घटना मिळाल्या की आभाराचा भाग आपोआप लिहून होतो.

कोणती वचने द्यायची आणि कोणती नाहीत

कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात जे करून झाले आहे ते, दुसऱ्यात जे नक्की होणार आहे आणि ज्याची तारीख देता येते ते, आणि तिसऱ्यात ज्याची इच्छा आहे परंतु खात्री नाही ते लिहावे. संदेशात पहिल्या दोन रकान्यांतील गोष्टी घ्याव्यात. तिसऱ्या रकान्यातील एखादी गोष्ट इतकी मोठी असेल की लोक तिच्याबद्दल आपसांत बोलतच आहेत, तर ती अजून ठरलेली नाही आणि ती अमुक तारखेपर्यंत ठरेल, असे स्पष्ट लिहावे. पगारवाढ ही नेहमी अशीच गोष्ट असते. जानेवारीत पगारवाढीविषयी गप्प राहिले तर ती होणार नाही असा अर्थ काढला जातो, आणि ‘यंदा सर्वांचा नक्की विचार करू’ असे म्हटले तर ती झालीच असे धरले जाते. ‘पगारवाढीचा निर्णय एप्रिलमध्ये होईल आणि तो १० एप्रिलपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितला जाईल’ हे वाक्य दोन्ही गैरसमज टाळते.

येथे एका चुकीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ती चांगल्या हेतूच्या मालकांकडूनही होते. कायद्याने देणे असलेली रक्कम मालकाच्या औदार्याच्या यादीत घालू नये. दिवाळीपूर्वी दिलेला बोनस हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. जो कामगार बोनसला पात्र आहे त्याला किमान ८.३३ टक्के बोनस मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेर हिशेब बंद करणाऱ्या कारखान्यात नोव्हेंबरअखेरपर्यंत, तो द्यावाच लागतो. ‘अडचणीच्या वर्षातही आम्ही तुम्हाला बोनस दिला’ हे वाक्य किमान बोनस देणाऱ्या मालकाने लिहिले, तर एखादा जाणता कामगार जेवणाच्या सुट्टीत इतरांना त्यातली मेख समजावून सांगतो आणि संपूर्ण संदेशाचे वजन तेथेच कमी होते. भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा आणि दुप्पट दराने दिलेला ओव्हरटाइम यांनाही हेच लागू आहे.

विशेष भत्त्याबाबत गल्लत होणे तर अगदी सोपे आहे. महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबर दिला जाणारा विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशा सहामाहीने बदलतो. त्यामुळे जानेवारीपासूनच्या सहामाहीत किमान वेतनावरील कामगारांच्या पगाराचा आकडा काहीसा वाढण्याची शक्यता असते. ती वाढ नववर्षाची भेट म्हणून जाहीर करू नये. पुढे एप्रिलमध्ये खरी वाढ द्यायची वेळ येईल, तेव्हा जानेवारीत मिळाली ती कोणती, असा प्रश्न उभा राहतो आणि हिशेबनीसाला त्याचे उत्तर देणे कठीण जाते.

कायद्याच्या पलीकडे जाऊन जे केले असेल, ते मात्र संकोच न करता सांगावे. उदाहरणातील मालकाने मंदीच्या तीन महिन्यांत एकालाही कामावरून कमी केले नाही, आणि ऑक्टोबरपासून दर आठवड्याला वेगळ्या बँक खात्यात पैसे बाजूला ठेवून डिसेंबरअखेर एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम जमा केली. ही दोन वाक्ये पहिल्या रकान्यात बसतात आणि ‘पगार वेळेवर होईल का’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आश्वासनापेक्षा अधिक चांगले देतात.

मसुदा

संदेश मोठ्याने वाचायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. पाळी संपवून निघालेली माणसे उभ्याने ऐकत असतात आणि काहींची बस ठरलेली असते. शब्दांत सांगायचे तर अडीचशे ते तीनशे शब्द पुरेत.

पहिला मसुदा बहुतेकांच्या हातून असा उतरतो:

> ‘प्रिय सहकाऱ्यांनो, नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा! गेले वर्ष आव्हानांनी भरलेले होते, परंतु आपण सर्वांनी एका कुटुंबाप्रमाणे त्यावर मात केली. आपल्या अथक परिश्रमांमुळेच कंपनीने यशाची नवी शिखरे गाठली. येणाऱ्या वर्षात आपण आणखी मोठी झेप घेऊ. आपणा सर्वांना व आपल्या कुटुंबीयांना सुख, समृद्धी आणि आरोग्य लाभो.’

यात एकही वाक्य खोटे नाही, तरी यातून कोणत्याच प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘आव्हाने’ या शब्दामागे उशिरा झालेला पगार लपला आहे, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच समजते. कुटुंबाच्या उल्लेखाबाबतही सावध असावे. ज्याने जुलैमध्ये खोलीचे भाडे देण्यासाठी मित्राकडून उसने घेतले, त्याला ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य दिलासा देत नाही. जिव्हाळा असेल तर तो तपशिलातून दिसतो.

आता तोच संदेश वह्यांतील नोंदी आणि तीन रकाने समोर ठेवून लिहिला, तर तो असा होईल. येथे नावांच्या जागी पदे लिहिली आहेत. प्रत्यक्षात तेथे माणसांची नावे घालावीत, आणि वयाने मोठ्या माणसाच्या नावापुढे कारखान्यात आपण रोज लावतो ते ‘काका’, ‘मामा’ किंवा ‘भाऊ’ तसेच ठेवावे.

> ‘नमस्कार. तुम्हा सर्वांना आणि तुमच्या घरच्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा.
>
> सरलेल्या वर्षात एप्रिल ते जून काम कमी होते. ओव्हरटाइम बंद झाला आणि त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांच्या हातात दरमहा कमी पैसे पडले. जूनचा पगार मी ७ जुलैला द्यायला हवा होता, तो १९ जुलैला दिला. त्या बारा दिवसांत तुम्हाला जो त्रास झाला त्याची जबाबदारी माझी आहे. त्या काळातही एकही पाळी बंद पडली नाही आणि एकही डिस्पॅच चुकला नाही, ते तुमच्यामुळे.
>
> ऑगस्टमध्ये रात्रपाळीच्या ऑपरेटरने बोअरचे माप सरकताना ओळखून मशीन थांबवले आणि पूर्ण रात्रीचा माल वाचवला. दोन्ही तपासनिसांनी दर तासाच्या मापांची नोंद एकदाही चुकवली नाही. जानेवारीत शंभरात चार नग बाद होत होते, आता दोन होतात. नव्या ग्राहकाने आपल्याला काम दिले ते ही नोंदवही पाहून. टेम्पोचालकांनी पावसाळ्यात पहाटे निघून प्रत्येक खेप वेळेत पोहोचवली. तिन्ही हेल्परांनी चिप्स आणि कूलंटची सफाई रोज केली, म्हणून वर्षभरात घसरून पडण्याचा एकही प्रकार झाला नाही.
>
> पुढच्या वर्षाविषयी जे नक्की आहे तेवढेच सांगतो. मार्चअखेरपर्यंतचे शेड्यूल दोन्ही ग्राहकांकडून लेखी आले आहे आणि ते तिन्ही पाळ्यांना पुरेल. एका महिन्याच्या पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आहे, त्यामुळे ग्राहकाचे पैसे थोडे मागेपुढे झाले तरी पगार ७ तारखेच्या आत होईल. उन्हाळ्यात शेडमध्ये जो उकाडा होतो त्यासाठी छतावर हवा खेळवणारे पंखे १५ मार्चपूर्वी बसतील. त्याची आगाऊ रक्कम दिली आहे. पगारवाढीचा निर्णय अजून झालेला नाही. तो एप्रिलमध्ये होईल आणि १० एप्रिलपर्यंत मी प्रत्येकाला स्वतः सांगेन.
>
> प्रत्येकाच्या शिल्लक रजेची चिठ्ठी आज मिळेल. त्यात काही चूक दिसली तर १० जानेवारीपर्यंत हिशेबनीसांना सांगा.
>
> उद्या सुट्टी आहे. रात्रपाळीची मंडळी सकाळी सावकाश गाडी चालवत घरी जा.’

या मसुद्यातील काही निवडी स्पष्ट करतो. पगाराच्या विलंबाविषयी ग्राहकाला दोष दिलेला नाही आणि वारंवार माफीही मागितलेली नाही; तारीख, परिणाम आणि जबाबदारी एवढेच सांगून पुढे वेगळ्या खात्याची तरतूद दिली आहे. ही तरतूद केलेली नसेल, तर ते वाक्य लिहू नये. त्याऐवजी ‘पगार उशिरा होणार असे दिसले, तर ते मी १ तारखेलाच सांगेन आणि कोणत्या दिवशी होईल तेही सांगेन’ असे लिहावे. विलंबापेक्षा अनिश्चितता अधिक त्रासदायक असते. तारीख माहीत असेल तर माणूस घरमालकाशी बोलू शकतो. मात्र अशी सूचना दिल्याने सातव्या दिवसाचे बंधन सुटत नाही, हेही मालकाने लक्षात ठेवावे.

आभार मानताना प्रत्येकाच्या नावासमोर त्याने केलेली गोष्ट लिहिली आहे, कारण ‘प्रामाणिक’, ‘मेहनती’, ‘कष्टाळू’ ही विशेषणे बावीस जणांना वाटली की ती कोणाचीच राहत नाहीत. बावीस नावे तीन मिनिटांत घेता येत नाहीत. उपाय असा, की संदेशात चार-पाच घटना घ्याव्यात आणि प्रत्येकाच्या रजेच्या चिठ्ठीमागे मालकाने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात. बावीस चिठ्ठ्यांना दीड-दोन तास लागतात. दोन ओळी सुचतच नाहीत असा एखादा माणूस निघाला, तर सुपरवायझरला विचारावे. त्याने काही केलेच नाही, असे सहसा नसते.

कंत्राटदारामार्फत येणारी माणसे असतील तर त्यांना वगळू नये. ती त्याच मशीनवर उभी असतात. मात्र त्यांच्या पगाराविषयी किंवा कायम होण्याविषयी संदेशात काही म्हणू नये, कारण त्यांची नियुक्ती कंत्राटदाराकडे असते आणि मालकाच्या एका सैल वाक्याने दोघांच्याही अडचणी वाढतात. शिकाऊ उमेदवारांनाही हीच काळजी लागू आहे: त्यांच्या शिकण्याविषयी जरूर बोलावे, मुदत संपल्यावर मिळणाऱ्या नोकरीचे सूचन करू नये.

भाषा

बोलताना मालक काहींना ‘तू’ म्हणत असेल, तरी संदेशात सर्वांसाठी ‘तुम्ही’ असावे. स्वतःसाठी ‘मी’ वापरावे, विशेषतः जबाबदारीच्या आणि वचनाच्या वाक्यांत. ‘व्यवस्थापनाने ठरवले आहे’ हे वाक्य बावीस माणसांच्या कारखान्यात विचित्र वाटते, कारण ते व्यवस्थापन समोरच उभे असते.

बिहार आणि उत्तर प्रदेशातील सहा जणांसाठी संदेश हिंदीत वेगळा लिहावा. मराठी वाचून झाल्यावर ‘बाकी वही बात है’ असे म्हणून दोन वाक्यांत गुंडाळणे, ही त्यांना दुय्यम ठरवण्याची कृती होते. तारखा आणि रक्कम दोन्ही भाषांत सारख्याच आहेत ना, हे तपासावे. त्यांच्यासाठी एखादे वाक्य वेगळे घालता येईल: होळीच्या सुमारास गावी जाण्यासाठी रेल्वेचे आरक्षण बरेच आधी करावे लागते, म्हणून त्या काळातील रजेचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यावा, हे नववर्षाच्या संदेशातच सांगितले तर त्यांचा मोठा प्रश्न सुटतो. मालकालाही मार्चमध्ये कोणत्या पाळीत किती हात कमी पडतील, हे दोन महिने आधी कळते.

वाचून घेणे आणि वाचून दाखवणे

पक्का मसुदा देण्यापूर्वी दोघांना दाखवावा. हिशेबनीसाने तारखा, रक्कम आणि देणी तपासावीत, आणि एखाद्या वाक्याने कारखान्यावर नवे कायमचे देणे येते का, तेही पाहावे. ‘दरवर्षी’ हा शब्द मसुद्यात कोठेही आला असेल तर तेथे थांबावे. ‘यंदा’ आणि ‘दरवर्षी’ यांत मोठे अंतर आहे. दुसरा वाचक रात्रपाळीतील एखादा जुना, स्पष्टवक्ता ऑपरेटर असावा. त्याला ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण तो ‘चांगले आहे, साहेब’ असे म्हणेल. ‘यातले कोणते वाक्य ऐकून लोक एकमेकांकडे पाहतील?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच वाक्याकडे बोट दाखवते, आणि ते वाक्य बदलावे किंवा काढून टाकावे.

३१ डिसेंबरला तीन वाजता मशीन बंद करून, कॉम्प्रेसर थांबवून, सर्वांना तपासणीच्या टेबलापाशी बोलवावे. कागद हातात धरून वाचावे. पाठ करून भाषण करण्याच्या प्रयत्नात तारखा चुकतात, आणि भरात नसलेली वचने तोंडून निघतात. पगाराच्या विलंबाचा परिच्छेद घाईने उरकू नये. ज्यांची नावे घेतली जातील त्यांच्याकडे पाहून ती घ्यावीत. वाचून झाल्यावर चहा आणि खाऊ असावा, परंतु तो आधी देऊ नये, कारण मग अर्धे लक्ष कपाकडे राहते. पाळीच्या वेळेबाहेर कोणाला थांबवून घ्यायचे असेल, तर पहिल्या पाळीला दहा मिनिटे आधी काम बंद करू द्यावे. शुभेच्छा ऐकण्यासाठी कामगाराचा स्वतःचा वेळ घेणे योग्य नाही.

रात्री अकराला तेच पुन्हा, त्याच शब्दांत वाचावे. त्यानंतर मराठी आणि हिंदी प्रती सूचनाफलकावर लावाव्यात आणि कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मजकूर म्हणूनच टाकाव्यात. फुलांच्या चित्रावर छापलेला संदेश सुंदर दिसतो, पण त्यातील तारीख पुन्हा शोधता येत नाही. रजेवर असलेल्यांना मालकाने फोन करावा.

पुढचे काही आठवडे

संदेश नीट पोहोचला की नाही हे टाळ्यांवरून समजत नाही. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या प्रश्नांवर लक्ष ठेवावे. ‘माझ्या चिठ्ठीत दोन रजा कमी दिसतात’ किंवा ‘होळीचा अर्ज आत्ता दिला तर चालेल का’ असे प्रश्न आले, तर लोकांनी संदेश गंभीरपणे घेतला आहे. ‘साहेब, पगार किती वाढणार?’ असे तीन-चार जणांनी विचारले, तर पगारवाढीचे वाक्य सैल राहिले असावे. अशा वेळी प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर न देता फलकावरील तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवावे. एखाद्या पाळीतून एकही प्रश्न आला नाही आणि चिठ्ठीतील चुकाही कोणी दाखवल्या नाहीत, तर सुपरवायझरला बाजूला घेऊन विचारावे. आभारातून एखाद्याचे नाव सुटल्याचे त्या शांततेमागे असू शकते. तसे निघाले तर त्या माणसाशी मशीनपाशी जाऊन बोलावे आणि त्याने केलेली गोष्ट फलकावरील प्रतीत हाताने जोडावी.

वचनांच्या तारखा हिशेबनीसाच्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहून घ्याव्यात: ७ जानेवारी पगार, १० जानेवारी रजेच्या दुरुस्त्या, १५ मार्च पंखे, १० एप्रिल पगारवाढ. यांतील सर्वांत जवळची तारीख सर्वांत निर्णायक आहे. संदेशानंतरचा पहिलाच पगार ८ तारखेला झाला, तर उरलेला कागद कोणी वाचणार नाही. २०२६ मध्ये ७ जानेवारीला बुधवार आहे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साप्ताहिक सुट्टी, म्हणून पगाराची यादी बँकेकडे सोमवारी, ५ जानेवारीलाच द्यावी. एखाद्याचा खातेक्रमांक चुकला किंवा रक्कम परत आली, तर दुरुस्तीसाठी मंगळवार हाताशी राहतो.

पंख्यांचे काम १५ मार्चपर्यंत होत नाही असे फेब्रुवारीअखेर दिसले, तर तारीख उलटण्याची वाट पाहू नये. गुढीपाडवा १९ मार्चला, म्हणजे गुरुवारच्या सुट्टीच्या दिवशी आहे; त्याच्या आदल्या आठवड्यात पाळी बदलताना दोन मिनिटे थांबवून काय अडले आहे आणि नवी तारीख कोणती, हे मालकाने सांगावे आणि फलकावरील जुनी तारीख खोडून तिच्याशेजारी नवी लिहावी.